बाण कुठे तुटला?

‘थायरॉईड ग्रंथीच्या स्रावाचं नियंत्रण कसं होतं ते ओघतक्त्याच्या साहाय्याने स्पष्ट करा.’ जीवशास्त्रातला हा नेहमीचा प्रश्न. मुलं तो पाठ करून येतात आणि बहुतेकांचं उत्तर ठीक असतं. हायपोथॅलॅमस, खाली बाण, पिट्युटरी, खाली बाण, थायरॉईड, खाली बाण, चयापचय. मग त्याच प्रश्नाचा पुढचा भाग येतो: आहारात आयोडीन कमी पडलं तर गळ्याशी गाठ का वाढते? त्याच्या पुढचा भाग: अशा माणसाच्या रक्तात टीएसएच वाढलेला असेल की घटलेला? इथे उत्तरं फुटतात. निम्मी मुलं ‘वाढलेला’ लिहितात, निम्मी ‘घटलेला’, आणि कारण विचारलं की दोन्ही गट सारखेच अडखळतात.

अडचण अशी, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून काढलेल्या तक्त्याकडे पुढच्या प्रश्नांसाठी कोणी परत वळून पाहतच नाही. गुण मिळाले, तक्ता संपला. खरं तर ते पुढचे प्रश्न त्या तक्त्यातूनच काढलेले असतात. एखादा बाण तोडायचा, एखाद्या चौकोनाला येणारा माल थांबवायचा, किंवा बाहेरून एक नवा बाण घुसवायचा, की नवा प्रश्न तयार होतो. पण तक्ता त्या प्रश्नांना पुरून उरायचा असेल, तर तो नीट नावं देऊन काढलेला हवा.

चौकोनात काय लिहायचं आणि बाणावर काय, हे आधी ठरवावं लागतं. माझा आग्रह साधा आहे. चौकोनात अवयव, बाणावर संप्रेरक. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग, तो चौकोनात. त्यातून निघणारं टीआरएच बाणावर. हे टीआरएच रक्तवाहिन्यांच्या एका छोट्या खास जाळ्यातून थेट पिट्युटरीच्या पुढच्या भागात उतरतं. तिथून टीएसएच निघतो आणि सगळ्या शरीरभर फिरणाऱ्या रक्तातून गळ्यातल्या थायरॉईडपर्यंत पोचतो. थायरॉईड मुख्यतः थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, रक्तात सोडते आणि थोडं टी-थ्रीही. टी-फोरच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-थ्रीमध्ये तीन. शरीरातल्या पेशी टी-फोरमधला एक अणू काढून त्याचं टी-थ्री करतात, आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन प्रत्यक्ष काम करणारं रूप मुख्यतः हेच.

इथपर्यंत बहुतेकांचा तक्ता बरोबर येतो. राहून जातो तो परतीचा बाण. थायरॉईडचं संप्रेरक रक्तातून फिरत पुन्हा पिट्युटरीत आणि हायपोथॅलॅमसमध्ये जातं आणि त्यांना आवर घालतं. हा बाण कित्येकदा काढलेलाच नसतो. काढला असला तर तो थायरॉईडच्या चौकोनातून निघून कसलंही नाव न लावता वर जातो, जणू ग्रंथी स्वतःच वर काही निरोप धाडते आहे. वर जातं ते संप्रेरक, म्हणून बाणावर संप्रेरकाचंच नाव हवं. पूर्ण तक्ता साधारण असा दिसतो:

```
     हायपोथॅलॅमस  <------------+
          |                    |
          | टीआरएच (+)         | (−)
          v                    |
     पिट्युटरी  <--------------+
    (पुढचा भाग)                | (−)
          |                    |
          | टीएसएच (+)         |
          v                    |
     थायरॉईड  <-- आयोडीन       |
          |                    |
          | टी-फोर, टी-थ्री    |
          v                    |
         रक्त  ----------------+
          |
          v
     शरीरातल्या पेशी
```

यातल्या अधिक आणि उणे या खुणांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळं उत्तर त्यांच्यावर उभं आहे. अधिकचा अर्थ ‘चांगलं’ नव्हे आणि उणेचा अर्थ ‘वाईट’ किंवा ‘कमी झालं’ असाही नव्हे. अधिक खुणेचा बाण म्हणजे मागचं वाढलं की पुढचं वाढतं आणि मागचं घटलं की पुढचंही घटतं. उणे खुणेचा बाण म्हणजे उलट: मागचं वाढलं की पुढचं घटतं, मागचं घटलं की पुढचं वाढतं. या दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध मुलांच्या मनात क्वचितच उतरलेला असतो. ‘थायरॉक्सिन टीएसएचला रोखतं’ एवढं पाठ असतं. थायरॉक्सिन कमी झालं तर तो आवर सुटतो आणि टीएसएच चढतो, हे त्याच बाणात लिहिलेलं असूनही वाचलं जात नाही.

खुणा नीट लावल्या की एक सोयीची युक्ती हाती येते. कुठल्याही चौकोनापासून निघा, बाणांवरून फिरत पुन्हा त्याच चौकोनाशी या आणि वाटेत लागलेले उणे मोजा. वरच्या तक्त्यात थायरॉक्सिनपासून पिट्युटरीकडे उणे, पिट्युटरीपासून थायरॉईडकडे अधिक, थायरॉईडपासून थायरॉक्सिनकडे अधिक. उणे एकच. उणे खुणा विषम असतील तर ते चक्र बदलाला विरोध करतं, त्यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. उणे मुळीच नसेल किंवा खुणा सम असतील, तर बदल फेरीगणिक वाढत जातो, ते धन प्रत्याभरण. प्रसूतीच्या वेळी बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाब देतं, त्याने ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने कळा वाढतात, कळांनी दाब आणखी वाढतो. या चक्रात एकही उणे नाही, म्हणून ते आपणहून थांबत नाही. बाळ बाहेर आलं, दाब गेला, की थांबतं.

या तक्त्यातला सगळ्यात वरचा बाण आज कोणीही सहज काढतं, पण त्याच्यावरची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. हायपोथॅलॅमसमधून काहीतरी उतरत असणार हे शास्त्रज्ञांना कळलं होतं, पण ते काय हे हाती लागत नव्हतं. रॉजर गिलमाँ यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या मेंदूंतले हे इवले भाग लाखोंच्या संख्येने गोळा केले आणि त्यांतून जेमतेम मिलिग्रॅमच्या हिशेबातला पदार्थ शुद्ध केला. १९६९ मध्ये त्याची रचना स्पष्ट झाली. अवघ्या तीन अमिनो आम्लांची साखळी, तेच टीआरएच. १९७७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं, आणि रक्तातलं संप्रेरक मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या रोझलिन यॅलो यांनाही त्यांच्याबरोबर. बाणावर एक नाव लिहिता यावं म्हणून एवढा खटाटोप झाला, तेव्हा उत्तरपत्रिकेतला बाण कोरा पाहिला की मला खरोखर वाईट वाटतं.

आता दुसरा प्रश्न. आयोडीन कमी पडलं तर गळ्याशी गाठ का येते? तक्त्यात आयोडीनचा बाण बाजूने थायरॉईडमध्ये शिरतो. बहुतेक मुलं तो काढतच नाहीत, कारण पहिल्या प्रश्नात आयोडीनचा उल्लेख नसतो. म्हणूनच दुसऱ्या प्रश्नावर ती अडतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, अगदी नगण्य वाटावं इतकं. तेवढंही मिळालं नाही तर थायरॉक्सिन पुरेसं बनत नाही. रक्तातलं थायरॉक्सिन घसरतं. उणे खुणेचा बाण सैल पडतो. पिट्युटरीवरचा आवर सुटतो आणि टीएसएच चढतो. टीएसएचचं काम फक्त ग्रंथीकडून स्राव काढून घेणं एवढंच नसतं. तो ग्रंथीच्या पेशींना वाढायलाही लावतो. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं टीएसएचचा मारा होत राहिला की ग्रंथी फुगते. तोच गलगंड.

इथे एक बारकावा आहे आणि तो परीक्षकालाही आवडतो. गलगंड दिसला म्हणजे थायरॉक्सिन फार कमी असलंच पाहिजे असं नाही. फुगलेली ग्रंथी मिळेल तेवढं आयोडीन अधिक नेटाने ओढून घेते आणि चार अणूंच्या टी-फोरऐवजी तीन अणूंचं टी-थ्री जास्त बनवून काटकसर करते. त्यामुळे बरेचदा शरीराचं काम जवळजवळ नीट चालू राहतं. म्हणजे चक्र अपयशी ठरलं म्हणून गाठ आली असं नव्हे. चक्राने आपलं काम केलं, आणि त्याची किंमत म्हणून गाठ आली. आयोडीनची तूट फारच मोठी असेल तर ही भरपाईही पुरत नाही आणि मग खरा त्रास सुरू होतो, विशेषतः गरोदर बाई आणि तिच्या पोटातल्या बाळाला.

हाच तक्ता एका खऱ्या दरीत तपासला गेला आहे. हिमाचलमधली कांगडा दरी हा हिमालयाच्या पायथ्याचा गलगंडाचा पट्टा. पावसाने आणि पुरांनी तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन गेलेलं, त्यामुळे धान्यात नाही, भाजीत नाही, पाण्यातही नाही. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं, एका विभागात साधं. काही वर्षांनी पाहिलं तर आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण ठळकपणे उतरलं होतं आणि साध्या मिठाच्या विभागात तसा फरक पडला नव्हता. मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ दिलं गेलं. या कामाच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या घरी येणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन असायला हवं, हा नियम त्याच वाटेने आला.

कांगड्यातला बदल तक्त्यावर वाचून पाहा. बाजूचा बाण परत आला, थायरॉक्सिन भरलं, उणे खुणेचा बाण पुन्हा घट्ट झाला, टीएसएच उतरला, ग्रंथीवरचा मारा थांबला आणि ती आकसू लागली. मुलांमध्ये हे चांगलं दिसतं. ज्यांच्या गाठी जुन्या आहेत, आत कठीण गोळे झालेले आहेत, त्यांच्या गाठी पूर्ण जात नाहीत. कारण तोवर त्या गोळ्यांतल्या काही पेशी टीएसएचची वाट न पाहता स्वतःच वाढू लागलेल्या असतात. तक्त्यातला बाण त्यांना लागू राहिलेला नसतो.

तिसरा प्रश्न हल्ली रिपोर्टच्या रूपात येतो. समजा एका बाईंना थकवा आहे, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही. रक्ततपासणीत टीएसएच ४२ आला. नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. मोकळं टी-फोर मर्यादेच्या खाली. बाण कुठे तुटला? वरच्या दोन चौकोनांना दोष देता येत नाही, कारण पिट्युटरी जोरात काम करते आहे, तिचा टीएसएच भरपूर आहे. त्याला थायरॉईड प्रतिसाद देत नाही. म्हणजे बिघाड थायरॉईडमध्येच. आता दुसरा रिपोर्ट घ्या. टी-फोर तितकंच कमी, पण टीएसएच फक्त १. हा आकडा पाहून ‘टीएसएच नॉर्मल आहे’ असं लिहून मोकळं होणारी उत्तरं मी खूप पाहिली आहेत. पण टी-फोर इतकं खाली असताना आवर सुटलेला असायला हवा आणि टीएसएच चढलेला असायला हवा. तो चढलेला नाही हीच बिघाडाची खूण. बाण वरच तुटला आहे, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये. टीएसएचचा आकडा एकटा वाचून चालत नाही, टी-फोरच्या शेजारी ठेवून वाचावा लागतो.

तरीही डॉक्टर पहिली तपासणी टीएसएचचीच का सांगतात, हाही अधूनमधून येणारा प्रश्न. पिट्युटरी फार संवेदनशील आहे. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच सुमारे शंभरपट चढू शकतो. टी-फोरमधला किरकोळ बदल मर्यादेच्या आत लपून जातो, तो टीएसएचमध्ये आधी उघडा पडतो.

तिसरा रिपोर्ट तर मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. गळ्याशी गाठ आहे, पण वजन उतरतंय, छातीत धडधड होते, हात थरथरतात. टी-फोर वाढलेलं आणि टीएसएच जवळजवळ शून्य. पहिल्या गोष्टीवरून कोणी म्हणेल, गाठ आहे म्हणजे टीएसएच चढलेलाच असणार. पण ग्रेव्हज या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा अशी प्रतिपिंडं बनवते की ती थायरॉईडवरच्या टीएसएचच्या जागी जाऊन बसतात आणि टीएसएचसारखंच काम करतात. तक्त्यात हा बाहेरून घुसलेला नवा अधिक खुणेचा बाण. थायरॉक्सिन वाढतं, ते वर जाऊन पिट्युटरीला पूर्ण गप्प करतं, टीएसएच खाली जातो. पण प्रतिपिंडांकडे एकही उणे खुणेचा बाण जात नाही. त्यांना कोणी आवर घालत नाही, म्हणून ग्रंथी फुगतच राहते. आयोडीनच्या कमतरतेतला गलगंड आणि ग्रेव्हजचा गलगंड बाहेरून सारखेच दिसू शकतात. तक्त्यात मात्र ते एकमेकांच्या उलट आहेत.

या तक्त्याला एक मर्यादा आहे. त्यात वेळ दिसत नाही. पहिल्या बाईंना थायरॉक्सिनची गोळी सुरू केली तर आठवड्याभरात टीएसएच तपासून काही उपयोग नसतो. रक्तातल्या टी-फोरचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे जातात. म्हणून डॉक्टर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतात. परतीच्या बाणाशेजारी ‘आठवडे’ असा एक शब्द लिहून ठेवला तर हा प्रश्नही तक्त्यातूनच सुटतो.

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला विज्ञानासाठी इंग्रजीकडे वळणारी मुलं आपल्याकडे खूप आहेत. लांब परिच्छेदात त्यांचं व्याकरण अडतं आणि समजलेली गोष्टही उत्तरात पोचत नाही. तक्त्यात शब्द मोजके लागतात, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी लागतो, आणि समज पक्की आहे की नाही ते लगेच कळतं. म्हणून मला वाटतं की या मुलांना तक्ता शिकवताना तो चित्रासारखा पाठ करायला देऊ नये. काढून घ्यावा, मग एक बाण खोडावा आणि विचारावं, आता रक्तात काय वाढेल?

चक्र आणि साखळी यांतला फरकही इथे सांगायला हवा. हृदयात विद्युत संदेश कुठून कुठे जातो ते दाखवताना बाण एका टोकाला सुरू होतात आणि दुसऱ्या टोकाला थांबतात. तिथे परतीचा बाण शोधत बसू नये. उलट रक्तदाब सावरणारी मूत्रपिंडाची प्रक्रिया साखळीसारखी दिसते, पण ती चक्र आहे. दाब घसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. रेनिन यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन-१ करतं, त्याचं पुढे अँजिओटेन्सिन-२ होतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि अल्डोस्टेरॉन सुटून मूत्रपिंड मीठ आणि पाणी राखून ठेवतं. दाब वर येतो. मुलं इथे थांबतात. वर आलेला दाब रेनिनला आवर घालतो, हा शेवटचा उणे खुणेचा बाण राहून जातो आणि तक्ता असं सांगू लागतो की दाब वाढतच जाणार.

आणि एक चक्र असं आहे की त्यात बाणाची खूणच बदलते. स्त्रीच्या मासिक चक्राच्या सुरुवातीच्या दिवसांत अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन पिट्युटरीच्या एलएचला आवर घालतं, खूण उणे. बीजांडाची पिशवी वाढत जाते तसं इस्ट्रोजेन चढतं. ते पुरेशा उंच पातळीवर जाऊन साधारण दोन दिवस तिथे टिकलं, की त्याच पिट्युटरीवर त्याचा परिणाम उलटा होतो आणि खूण अधिक होते. एलएचची लाट उसळते आणि लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत बीजांड सुटतं. मग रिकाम्या पिशवीतून तयार झालेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो आणि खूण पुन्हा उणे होते. हे एकाच तक्त्यात कोंबायला गेलं की एका बाणावर दोन खुणा लावाव्या लागतात आणि उत्तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. इथे तीन छोटे तक्ते शेजारी शेजारी काढावेत, पहिल्यावर ‘सुरुवातीचे दिवस’, दुसऱ्यावर ‘बीजांड सुटण्याआधी’, तिसऱ्यावर ‘नंतर’. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो: गर्भनिरोधक गोळ्यांनी बीजांड सुटणं का थांबतं? बहुतेक गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं आणि थोडं इस्ट्रोजेनसारखं द्रव्य रोज ठराविक मात्रेत जातं. पिशवी फारशी वाढतच नाही, म्हणून इस्ट्रोजेन त्या उंच पातळीपर्यंत चढत नाही. दुसरा तक्ता येतच नाही. तिसरा तक्ताच महिनाभर चालू राहतो.